पुस्तक तेच, पान वेगळं

काही वर्षांपूर्वी दहावीच्या घटक चाचणीत मी एक प्रश्न टाकला होता. डोळ्यातल्या पेशीचा डीएनए आणि यकृतातल्या पेशीचा डीएनए यात काय फरक असतो? प्रश्न जरा खवचट होता हे मान्य, कारण उत्तर "काहीच नाही" असं आहे. पण वर्गातल्या हुशार पोरांनीसुद्धा ओळीनं लिहिलं होतं की डोळ्यातल्या डीएनएत डोळ्याची माहिती असते आणि यकृतातल्या डीएनएत यकृताची. एकानं तर सुबक तक्ता आखून दिला होता, त्यात हृदयाचा डीएनए पण होता.

तपासताना आधी पोरांवर चिडले, मग लक्षात आलं की हे तर मीच शिकवलंय. वर्गात मी म्हणाले होते की डीएनए म्हणजे सूचनांचं पुस्तक, त्यात शरीर कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. आता ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय येणार, दवाखान्यात दवाखान्याचं रजिस्टर, रेशन दुकानात रेशनचं रजिस्टर, तसंच डोळ्यात डोळ्याचं पुस्तक. उपमा मी अर्धीच दिली होती आणि उरलेली अर्धी पोरांनी आपापल्या परीनं पूर्ण करून टाकली.

मग २०२० आलं, शाळा बंद. आमचा भाग गडचिरोलीकडचा, तिथं रेंजचे हाल, व्हिडिओ उघडेपर्यंत पोरगं कंटाळून धानाच्या बांधीवर निघून जायचं. म्हणून आम्ही काही शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर नुसता आवाज पाठवायला सुरुवात केली, सात-आठ मिनिटांचा एक तुकडा, फोन बापाचा, तो संध्याकाळी घरी आला की पोरं ऐकणार. फळा नाही, आकृती नाही, चेहरेही नाहीत. डीएनएचा धडा असा नुसता बोलून कसा शिकवायचा यावर मी दोन दिवस घातले, आणि शेवटी मदतीला आलं ते आमच्या गावच्या सप्ताहातलं कीर्तन. बुवा कितीही लांब गेले, कुठल्या कुठे आख्यान नेलं, तरी फिरून ध्रुपदावर येतात, आणि मागच्या ओळीत पेंगणारा म्हातारासुद्धा तेवढ्यापुरता जागा होऊन ते म्हणतो. म्हटलं आपल्यालाही एक ध्रुपद पाहिजे. ते हे: पुस्तक तेच, पान वेगळं.

पहिली क्लिप मी वाया घालवली. दर मिनिटाला ते वाक्य घुसडलं होतं, जाहिरातीसारखं. दुसऱ्या दिवशी पोरांनी उलट आवाज पाठवले, सगळे म्हणतायत पुस्तक तेच पान वेगळं, छान चालीत, आणि खाली मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा डोळ्याचा डीएनए वेगळा! तेव्हा मी एक नियम केला, की ध्रुपद नुसतं म्हणायचं नाही, आधी असा प्रश्न उभा करायचा की ज्याचं उत्तर म्हणूनच ते वाक्य येईल, आणि वाक्याच्या आधी दोन सेकंद गप्प बसायचं. त्या दोन सेकंदांत पोरगं मनात उत्तर देतं. चुकीचं दिलं तरी चालतं, मग ते वाक्य त्याला नीट लागतं.

दुसरी क्लिप साधारण अशी होती, आठवून लिहितेय.

"बाळांनो, समजा गावात लग्न आहे आणि एका मोठ्या आचाऱ्यानं पाककृतींचं एक भलंमोठं पुस्तक लिहून गावातल्या प्रत्येक घरात त्याची एकेक प्रत दिलीय. सगळ्या घरांत अगदी सारखी प्रत. तुमच्या शरीरातली एकेक पेशी म्हणजे एकेक घर. हे पुस्तक किती मोठं? त्यात ३०० कोटी अक्षरं आहेत. एका पानावर दोन हजार अक्षरं धरली तर १५ लाख पानं होतात, पाचशे पानांचा एक ग्रंथ बांधला तर तीन हजार ग्रंथ. आणि असे दोन संच, एक आईकडून, एक बाबांकडून. एवढं सगळं पेशीच्या केंद्रकात, जे डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आता सांगा, पाटलांच्या घरी वरण शिजतंय आणि शेजारी जिलेबी तळतायत, पुस्तक तर दोघांकडे सारखंच, मग पदार्थ वेगळे कसे?"

इथं दोन सेकंद गप्प.

"पुस्तक तेच, पान वेगळं."

नंतर मी झेरॉक्सची गोष्ट सांगायचे. पुस्तक केंद्रकाबाहेर न्यायची परवानगी नाही, लायब्ररीत काही ग्रंथ असतात ना, इथंच बसून वाचा म्हणतात, तसं. मग पेशी काय करते, हव्या त्या पानाची झेरॉक्स काढते आणि ती बाहेर पाठवते. झेरॉक्सचं नाव आरएनए. बाहेर रायबोझोम नावाचा आचारी बसलाय, तो झेरॉक्स तीन तीन अक्षरांनी वाचतो, प्रत्येक तीन अक्षरांना एक सामान, म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि सामान एकाला एक जोडत माळ बनवतो, ती माळ म्हणजे प्रथिन. तीन तीन अक्षरं कशी वाचायची हे कानावर घालायला मी "कमलबदकपकड" असं एका दमात म्हणायचे आणि पोरांना तोडायला लावायचे. कमल, बदक, पकड. मधे जागा सोडलेली नाही तरी कळतं, कारण कुठून सुरू करायचं ते माहीत आहे. पाठ्यपुस्तकात याला प्रतिलेखन आणि भाषांतरण म्हणतात. परीक्षेत तेच शब्द लिहा असं मी क्लिपच्या अगदी शेवटी सांगायचे, आधी नाही. आधी सांगितलं की पोरं शब्द पाठ करायला धावतात आणि झेरॉक्स राहून जाते.

इथपर्यंतचं कुठल्याही गावात चाललं असतं. आमच्याकडे पुढचा भाग आपोआप आला, कारण आमच्याकडे सिकल सेल आहे. विदर्भाचा पूर्वेकडचा पट्टा, तिकडे नंदुरबार, इथल्या पोरांना हा शब्द पुस्तक उघडायच्या आधीपासून माहीत असतो. पुस्तकात त्याला दात्रपेशी पांडुरोग असं भारदस्त नाव आहे, पण घरोघरी बोलतात ते "त्याचा एएस पॅटर्न निघाला", "तिचा एसएस आहे". एएस म्हणजे दोन प्रतींपैकी एका प्रतीत चूक, तो वाहक, एरवी ठणठणीत. एसएस म्हणजे दोन्ही प्रतींत तीच चूक, त्याला आजार.

चूक आहे केवढी? तीनशे कोटी अक्षरांत एक अक्षर. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या माळा असतात, त्यातल्या बीटा नावाच्या माळेची पाककृती अकराव्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे अकराव्या खंडात म्हणा. शाळा उघडल्यावर मी ती फळ्यावर लिहिली, सुरुवातीची तेवढीच:

```
ATG GTG CAT CTG ACT CCT GAG GAG AAG   (नेहमीचं)
ATG GTG CAT CTG ACT CCT GTG GAG AAG   (सिकल)
```

फरक शोधा म्हटलं. अर्ध्या मिनिटात सापडला, मधल्या एका ए च्या जागी टी. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. मी म्हटलं हे बघा, पुस्तकात लिहिलंय सहाव्या जागी बदल होतो. तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे तर सातवं हाय जी." मोजलं तर खरंच सातवं! मला घाम. वर्गासमोर कबूल केलं की उद्या सांगते. घरी येऊन शोधलं तेव्हा समजलं की पहिले तीन, एटीजी, हे "इथून वाचायला सुरुवात कर" असं सांगणारं आहे, त्याचंही एक सामान माळेला लागतं पण नंतर ते तोडून टाकलं जातं, म्हणून तयार माळेत मोजलं तर सहावं आणि पुस्तकात मोजलं तर सातवं. इतकी वर्षं मी सहावं सहावं म्हणत होते आणि एकदाही बोट ठेवून मोजलं नव्हतं.

एका अक्षरानं एवढं काय होतं हे पोरांना पटत नाही, म्हणून मी म्हणते, पाककृतीत लिहिलंय "वाटीभर पीठ घ्या", आणि छापताना झालं "वाटीभर मीठ घ्या". एकच अक्षर. पदार्थाचं काय होईल? मग हसतात. व्हॅलिनचं असं आहे की ते पाण्यापासून तोंड लपवतं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खळग्यात जाऊन बसतं, त्याचं पुढच्याच्या, असे लांबच लांब दोर तयार होतात, आणि ते ताठ दोर आतून रेटून मऊ गोल पेशीचा विळा करून टाकतात. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथं दुखतं, भयंकर दुखतं. आणि नेहमीची लाल पेशी १२० दिवस जगते तिथं ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी.

आता खरी परीक्षा. मी विचारते, एसएस असलेल्या माणसाच्या गालाच्या आतली पेशी कापसाच्या काडीनं काढली, तिच्या डीएनएत ते चुकीचं अक्षर असेल का? घटक चाचणीतला तोच प्रश्न वेश बदलून आलेला असतो. ज्यानं नुसतं ध्रुपद पाठ केलंय तो म्हणतो नाही, आजार रक्ताचा आहे. ज्याला कळलंय तो म्हणतो असणारच, डोळ्यात पण असेल, केसाच्या मुळाशी पण, यकृतात पण. मग डोळ्याच्या पेशीला हिमोग्लोबिनचे दोर का होत नाहीत? कारण डोळ्यानं ते पान उघडलंच नाही. मीठ लिहिलेलं पान बंद पुस्तकात पडून आहे, कुणी शिजवलंच नाही तर खारट काय होणार. पुस्तक तेच, पान वेगळं.

एकदा एका पोरानं मला इथंच पकडलं. "मॅडम, तुम्हीच सांगतलं होतं का लाल पेशीत केंद्रक नसते म्हनून. मंग पुस्तक कुठी हाय?" बरोबर होतं त्याचं. ध्रुपद इथं मोडतं, आणि मोडतं तेच मला आवडतं. लाल पेशी तयार होते हाडांच्या आतल्या मगजात, तेव्हा तिच्याकडे पुस्तक असतं. ती बाकी जवळपास सगळं बंद करून हिमोग्लोबिनची दोन पानं उघडते आणि भसाभसा शिजवत सुटते, एका पेशीत जवळजवळ २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरते, आणि डबा भरला की पुस्तकच बाहेर फेकून देते, जागा व्हावी म्हणून. म्हणजे रक्तात फिरणारी लाल पेशी हे असं घर आहे जिथं पुस्तक नाही, फक्त शिजवून ठेवलेलं आहे. खारट असेल तर खारट, आता दुरुस्त करायची सोय नाही.

पण या ध्रुपदाचा सगळ्यात मोठा उपयोग मला एका पोरीमुळे कळला. शांत पोरगी, पुढच्या बाकावर बसायची. तिचा धाकटा भाऊ एसएस. एक दिवस तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तो झाला तवा चांगला होता. गोलमटोल. सहा-सात महिन्याचा झाला अन् हातपाय सुजले त्याचे, लय रडे. घरचे म्हनत कोनाची तरी नजर लागली. चूक पयलेपासून होती तं पयलेपासून काहून नाही दुखलं?"

आधी मी उभीच राहिले. मग दोघी बाकावर बसलो आणि मी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर अकराव्या खंडाचा तो कोपरा काढला. तिथं बीटाच्या आधी अजून काही पानं आहेत, एकामागून एक, आणि गंमत अशी की ती ज्या क्रमानं मांडलीत त्याच क्रमानं आयुष्यात उघडतात. सगळ्यात आधी एप्सिलॉन, हे पोटातल्या पहिल्या काही आठवड्यांपुरतं. मग गॅमा, बाळ पोटात असेपर्यंत हेच चालू. आणि मग बीटा, जे जन्माच्या आसपास जोरात सुरू होतं आणि मरेपर्यंत चालतं. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, त्यासाठी जरा जास्त घट्ट धरणारं हिमोग्लोबिन लागतं, ते गॅमाच्या पानावर लिहिलेलं आहे. जन्मल्यावर बाळ स्वतः श्वास घेतं, मग हळूहळू गॅमाचं पान मिटतं, बीटाचं उघडतं, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि सहा महिन्यांच्या सुमाराला रक्तात बहुतेक बीटावालं हिमोग्लोबिन उरतं.

ती वहीकडे बघत होती. मी विचारलं, चूक कुठल्या पानावर आहे? म्हणाली, बीटाच्या. मग पोटात असताना त्याला काही का झालं नाही? दोन सेकंद गेले आणि ती हळूच म्हणाली, "पुस्तक तेच, पान वेगळं." मग म्हणाली, "म्हंजे नजर नाही." नाही, नजर नाही.

त्या दिवसापासून माझ्या धड्यात ते वाक्य दोन अर्थांनी येतं. दोन घरांत एकाच वेळी वेगळी पानं, हा पहिला. एकाच घरात वेगळ्या वयात वेगळं पान, हा दुसरा. दुसरा अर्थ मी आधी कधी शिकवलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजारावरचे बरेच उपाय त्याच अर्थावर उभे आहेत. तिचा भाऊ हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घेतो. ते औषध चुकीचं अक्षर दुरुस्त करत नाही. ते घेतल्यावर बऱ्याच जणांच्या रक्तात गॅमावालं, म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं, मिटलेलं जुनं पान पुन्हा थोडं उघडतं म्हणा. गॅमावाला रेणू त्या दोरात नीट बसत नाही, दोर अर्धवट राहतो, पेशी वाकायला उशीर होतो, तेवढ्यात ती बारीक वाहिनीतून निघूनही जाते. सगळ्यांना सारखा फरक पडत नाही, रक्त तपासत राहावं लागतं, डोस डॉक्टरच ठरवतात. आणि मूळचंच गॅमा जास्त असलेले लोकही असतात, आपल्याकडच्या सिकल सेलवाल्यांत ते बऱ्यापैकी आढळतं, म्हणून दोघांचा पॅटर्न एसएस असूनही एक महिन्याला दवाखान्यात आणि दुसरा शेतात नांगर धरून, असं दिसतं. पोरं हे उदाहरण लगेच देतात, त्यांच्या पाहण्यातलं असतं.

२०२३ च्या शेवटी आधी ब्रिटननं आणि मग अमेरिकेनं कॅसगेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली, तेव्हा मी बातमी वर्गात वाचून दाखवली. पेपरात "डीएनए दुरुस्त केला" अशा थाटाचं लिहून येतं, आणि पोरांनीही तेच धरलं, म्हणजे मीठ खोडून पीठ लिहिलं असणार. तसं नाहीये. गॅमाचं पान मिटवून ठेवणारं एक कुलूप आहे, बीसीएल११ए त्याचं नाव. माणसाच्या मगजातल्या मूळपेशी बाहेर काढतात, क्रिस्पर नावाच्या कात्रीनं त्या कुलपाचा रक्तपेशींपुरता चालणारा खटका कापतात, मग जोरदार औषधांनी मगज रिकामा करतात आणि कापलेल्या पेशी परत सोडतात. तिथून पुढं तयार होणारी लाल पेशी गॅमाचं पान उघडं ठेवूनच शिजवते. बीटाच्या पानावरची चूक होती तिथंच राहते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर लावली होती. आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा रुपयांत किती ते काढायला पोरांनी गणिताची वही उघडली आणि उत्तर आल्यावर कुणी काही बोललं नाही.

ती पोरगी तेव्हा अकरावीत गेली होती, पण शाळेत काही कागद घ्यायला आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. तास सुटल्यावर आत आली.

"मॅडम, ते कुलूप रक्तातच तोडते ना?"

हो, मगजातल्या मूळपेशींत.

"मंग बाकी सगळीकडं?"

बाकी सगळीकडं होतं तसंच.

ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हंजे भाऊ बरा झाला तरी त्याच्या लेकराले तो एसच देईन. दोन्ही प्रतीत एस हाय तं दुसरं देनार काय." मग म्हणाली, "तं त्याच्यासाठी पोरगी पाहाची तं तिचा पॅटर्न एए पाहिजे. मंग लेकरू एएस होईन."

भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मी म्हटलं, बरोबर मोजलंस. तिनं कागद पिशवीत घातले, दारापर्यंत गेली आणि वळून, वर्गात म्हणायचो त्या चालीत, अर्धंच म्हणाली, "पुस्तक तेच."